ठिपका विझल्यावर मन्यानं धरायचं काय?

*नमस्कार. आमचा मन्या दोन वर्षांचा बोका. नसबंदी झालेली आहे, फ्लॅटबाहेर कधी जात नाही. दिवाळीपासून माझा मुलगा रोज रात्री जेवणं झाली की वीस-पंचवीस मिनिटं त्याला लेझरच्या ठिपक्यामागे पळवतो. आधी मजा वाटायची. आता लेझर बंद केला तरी मन्या भिंतीकडे बघत बसतो, ड्रॉवरपाशी जाऊन ओरडतो. ताटाचा किंवा घड्याळाच्या काचेचा कवडसा पडला की खाणं सोडून धावतो. मागच्या आठवड्यात खेळ संपल्यावर सासूबाईंच्या घोट्याला चावला. त्या म्हणतात, फेकून दे तो लेझर. मुलगा म्हणतो, मन्याला तोच एक खेळ आवडतो. कुणाचं ऐकू?*
*— एक वाचक, डोंबिवली*

सध्या सासूबाईंचं ऐका. फेकायचा नसेल तर लेझर सेल काढून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि निदान चार आठवडे बाहेर काढू नका. मुलाचं म्हणणंही मी खोडून काढणार नाही. मन्याला पाठलागाची हौस आहे आणि ती भागवायलाच हवी. फक्त आता पुढे पळणारी वस्तू त्याच्या दातात येईल अशी हवी.

दुसऱ्या एखाद्या मांजराबद्दल हे पत्र असतं तर मी लेझर थेट बंद करायला सांगितला नसता. खेळ थांबल्यावर जे मांजर मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे शोधतं, मग अंग चाटतं आणि पसरतं, त्याच्या खेळाचा शेवट बदलला तरी पुरतं. मन्या त्याच्या पुढे गेला आहे आणि त्याची खूण म्हणजे तो कवडसा. लेझर हातात नसतानाही उजेडाचा कुठलाही तुकडा त्याला शिकार वाटायला लागला आहे, आणि त्यापुढे त्याला खाणंही सुचत नाही. अशा वेळी खेळाचा शेवट कितीही नीट केला तरी रोजचा ठिपका ती सवय पक्कीच करत राहतो.

हे का होतं ते मुलाला समजावून सांगा, म्हणजे पुढची सगळी कामं तोच आनंदानं करेल. मांजराची शिकार अनेक टप्प्यांनी होते. आधी हालचाल टिपायची, मग दबा धरून पुढे सरकायचं, पाठलाग करायचा, झेप घ्यायची, पंजांत पकडायचं, मानेला चावा घ्यायचा, आणि शेवटी खायचं. लेझर पहिले चार टप्पे अगदी जोरात करून घेतो आणि पाचव्याला दगा देतो. मन्या ठिपक्यावर झडप घालतो तेव्हा पंज्याखाली काहीच लागत नाही, उलट ठिपका पंज्याच्या वर येऊन बसतो. त्याला वास नाही, वजन नाही, आवाज नाही. त्यातून मांजराला अगदी जवळचं, साधारण वीतभर अंतराच्या आतलं, नीट दिसत नाही. उंदीर तोंडाशी आला की त्याच्या मिशा पुढे वळतात आणि शिकार कशी पडली आहे, चावा कुठे बसवायचा, हे त्या स्पर्शानं सांगतात. ठिपका त्या मिशांना काहीच सांगत नाही. म्हणजे डोळे म्हणतात शिकार समोर आहे, आणि पंजे, मिशा, दात म्हणतात काहीच नाही.

इथे एक आक्षेप कुणीही घेईल. बाहेरच्या मांजराचेही कितीतरी डाव फसतात, मग ती सगळी वेडी होतात का? होत नाहीत. हुकणं मांजराच्या धंद्यातच आहे, त्यामुळे घरच्या खेळातही प्रत्येक झेप यशस्वी व्हायची गरज नाही. पण बाहेर शिकार हुकते तेव्हा ती कुठेतरी गेलेली असते, बिळात शिरलेली किंवा झाडावर उडालेली. मांजर त्या बिळापाशी टपून बसतं, वास घेतं, कंटाळून निघून जातं. शिवाय दहा वेळा हुकलं तरी अकराव्या वेळी काहीतरी हाती लागतंच. ठिपका रोज वीस मिनिटं पळवतो, एकदाही हाती लागत नाही, आणि सगळ्यात रंगात आलेल्या क्षणी जागच्या जागी नाहीसा होतो. भिंतीकडे बघत बसणारा मन्या त्याच्या हिशेबानं बिळापाशीच बसलेला आहे.

यावर अभ्यासही झाला आहे. लोरी कोगन आणि एमा ग्रिग या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ६१८ मांजरपालकांना प्रश्न विचारून २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. लेझरचा खेळ जितका वारंवार, तितकं उजेड-सावल्यांमागे धावणं, कवडशांकडे टक लावून बसणं आणि एकाच खेळण्याचा ध्यास घेणं जास्त, असं त्यात आढळलं. हे पालकांनी सांगितलेलं आहे आणि त्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. मुळात अस्वस्थ असलेल्या मांजरांच्या घरात लेझर जास्त वापरला जात असेल, असंही असू शकतं. तरी तुमच्या पत्रातल्या तक्रारी त्या यादीशी इतक्या जुळतात, की मी तरी धोका पत्करणार नाही.

घोट्याच्या चाव्यामागे मन्याचा सासूबाईंवर राग नव्हता. खेळ बंद झाला तरी अंगातला जोर उतरलेला नव्हता, आणि त्या क्षणी मांजराच्या उंचीवर हलणारी पहिली गोष्ट त्यांचा पाय होता. म्हणून त्याला रागावून किंवा पाण्याचा फवारा मारून काही साधणार नाही. जाता जाता: दात रुतून रक्त आलं असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची असते आणि डॉक्टरांना दाखवायची असते. मांजर घरातलं आहे म्हणून टाळू नका. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून जखम क्षुल्लक दिसते आणि आत पू होतो. रेबीजच्या लशीचा निर्णयही डॉक्टरांनाच घेऊ द्या.

आता चार आठवड्यांबद्दल. लेझर नुसता बंद केलात आणि त्या जागी काही दिलं नाहीत, तर पहिल्या आठवड्यात मन्या जास्तच ओरडेल. म्हणून त्याच रात्रीपासून काठीचा खेळ सुरू करा. पेट शॉपमध्ये काठीला दोरी आणि दोरीला पिसं लावलेलं खेळणं मिळतं. घरीही करता येतं. हातभर लांब काठी, तेवढ्याच लांबीची जाड दोरी आणि टोकाला जुन्या मोज्याचा उंदराएवढा गच्च बोळा. त्याशिवाय दुसऱ्या मोज्यात कापडाच्या चिंध्या भरून वीतभर लांब लोड करून ठेवा, त्याचा उपयोग पुढे सांगते. दोरी खेळ संपताच बंद कपाटात गेली पाहिजे. मांजराची जीभ काटेरी असते, तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आत सरकतो, आणि आतड्यात अडकला तर ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. फुग्याची रिबीन, परकराची नाडी, मांजा, सुईदोरा, सगळ्यांनाच हे लागू आहे.

वेळ बदला. तुमची जेवणं झाल्यावर खेळायला हरकत नाही, पण मन्याचं रात्रीचं खाणं खेळाच्या नंतर ठेवा. भुकेलं मांजर खेळण्यामागे जास्त जोमानं लागतं, हे इंग्लंडमधल्या संशोधकांनी पूर्वीच दाखवलं आहे, आणि खेळाच्या शेवटी पोटात काही पडणार असेल तर साखळी पूर्ण होते. तुमच्याकडे वाटी दिवसभर भरलेली असेल तर आधी ती सवय मोडा. रात्रीचं खाणं वेगळं काढून ठेवा. जास्तीचं द्यायचं नाही, रोजच्या मापातलंच.

समजा रात्री साडेनऊला सुरुवात केली. पहिली पाच-सहा मिनिटं मुलानं मोज्याचा उंदीर फरशीवरून ओढायचा. मन्याच्या तोंडाकडे नाचवायचा नाही. शिकार कधी मांजराकडे चालत येत नाही, ती त्याच्यापासून दूर जाते. थोडं सरकायचं, थांबायचं, सोफ्याच्या पायामागे जायचं, सतरंजीखालून नुसती खसखस करायची. मुलांना वाटतं की मांजर पळत नाही म्हणजे खेळत नाही. मन्या अंग फरशीला चिकटवून बघत असेल, मागचा भाग डोलवत असेल, तर तो खेळाचा सर्वात रंगलेला भाग आहे. तेव्हा काठी स्थिर धरायची आणि वाट बघायची. लेझरची सवय झालेल्या मुलाला हे जड जातं, कारण ठिपका सतत पळतच असतो.

तीन-चार झेपांनंतर एकदा त्याला पकडू द्या. मुद्दाम दिल्याचं जाणवू न देता, म्हणजे उंदीर कोपऱ्यात अडकवून. पकडल्यावर काय करायचं यावर सगळा खेळ अवलंबून आहे. दोरी खेचून लगेच सोडवून घेतलीत तर लेझरचाच अनुभव त्याला दोरीवर आला. त्याऐवजी दोरी किंचित ताणून धरा आणि बारीक हलवा, तडफडणाऱ्या उंदरासारखी. मन्या चावा घट्ट करेल, कदाचित आडवा होऊन पुढच्या पायांत धरून मागच्या पायांनी लाथा झाडेल. मग दोरी सैल सोडा. शिकार मेली. तो सोडून बाजूला होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्यानं सोडली की उंदीर पुन्हा जिवंत होतो.

शेवटची दोन-तीन मिनिटं उंदीर दमू लागतो. चाल हळू, थांबे लांब, उड्या बंद. अंगातला जोर उतरवण्याची ही पायरी आहे आणि लेझरच्या खेळात ती नसते. शेवटच्या पकडीला दोरीच्या उंदराशेजारी तो लोड सरकवा. मन्यानं मिठी मारून लाथा झाडायला लोड लांबीनं बरा पडतो, आणि तो त्यात गुंतला की काठी-दोरी गुपचूप कपाटात जाते. त्यानं लोड सोडला की लगेच, मिनिटभरात, वाटी समोर ठेवायची. पोटभर खाल्लेलं मांजर अंग चाटतं आणि झोपतं. हा क्रम रोज तसाच राहिला तर आठवड्या-दोन आठवड्यांत तो शेवट ओळखू लागेल. सकाळी पाच मिनिटांचा एक छोटा डाव झाला तर आणखी चांगलं.

खेळायचं आणि शेवटी चावायला उंदीर द्यायचा, ही कल्पना काही माझी नाही. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी नैऋत्य इंग्लंडमध्ये बाहेर फिरणाऱ्या मांजरांवर ती करून बघितली होती. रोज पाच-दहा मिनिटं पिसांची काठी, आणि प्रत्येक ‘शिकारी’नंतर चावायला खेळण्यातला उंदीर. अशा मांजरांनी खरी शिकार करून घरी आणण्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी घटलं. मन्याला बाहेर जायचंच नाही, पण एवढ्या छोट्या खेळानं मांजराची शिकारीची हौस खरोखर खर्ची पडते, हे त्यातून कळतं. म्हणजे पंचवीस मिनिटं दमवायची गरज नाही. धापा टाकेपर्यंत तर मुळीच नाही. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून श्वास घेऊ लागलं की खेळ थांबवायचा, आणि पुन्हा पुन्हा तसं होत असेल तर डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यायचं.

एकच खेळणं रोज दिलं की मांजर त्याला विटतं, म्हणून दोन-तीन बोळे आलटून पालटून लावा. एकाला पिसं, एकाला लोकर, एक नुसत्या कागदाचा चुरचुरणारा.

कवडशांचं काय, हा या महिन्यातला कंटाळवाणा पण जरुरीचा भाग. कुठल्या वेळी कुठून उजेड परततो ते दोन दिवस बघून ठेवा. बहुतेक घरांत एखादी खिडकी आणि एखादी चकचकीत वस्तू एवढंच असतं. त्या वेळी पडदा ओढा, स्टीलची भांडी तिथून हलवा, घरात असताना घड्याळ काढून ठेवा. मोबाइलचा उजेड मुद्दाम भिंतीवर पाडून पाहुण्यांना गंमत दाखवणं पूर्ण बंद. मन्या कवडशाकडे बघायला लागला आहे असं दिसताच, तो त्यात बुडण्याआधी, कागदाचा बोळा त्याच्या बाजूनं दुसऱ्या दिशेला घरंगळत सोडा. एकदा तो पुरता गुंतला असेल तर मात्र उचलायला जाऊ नका, चावा तुमच्या हाताला बसेल. शांतपणे उजेडाचं मूळ झाका आणि त्याला सावरायला वेळ द्या. ड्रॉवरपाशी ओरडला तर तो ड्रॉवर उघडायचाच नाही, दुसरं खेळणंही त्यातून काढायचं नाही.

चार आठवड्यांनी कवडशांमागची धाव थांबली असेल, ड्रॉवर विसरला असेल, तर मुलाला लेझर परत देता येईल. आठवड्यातून एक-दोनदाच, आणि तोही फक्त शिकारीकडे नेणारा वाटाड्या म्हणून. यासाठी दोन माणसं लागतात. दोरीचा उंदीर आधीच सतरंजीच्या कडेखाली अर्धवट लपवून ठेवा, दोरीचं टोक तुमच्या हातात. मुलानं ठिपका फरशीवरच ठेवायचा, भिंतीवर कधीच नाही, आणि दोन-तीन मिनिटं हळू चालवायचा. मग ठिपका सतरंजीकडे न्यायचा आणि उंदरावर स्थिर करायचा. ठिपका अजून चालू असतानाच तुम्ही दोरी हलवायची. मन्याची झेप उंदरावर पडली की पंजा टेकण्याच्या क्षणी मुलानं बटण सोडायचं. इथून पुढे सगळा खेळ उंदराचा, निदान ठिपक्याच्या दुप्पट वेळ, आणि शेवट वर सांगितल्यासारखाच, लोड आणि वाटी.

लोक इथे दोन ठिकाणी चुकतात. ठिपका आधी विझतो आणि उंदीर नंतर हलतो. मधल्या त्या दोन सेकंदांत मांजर ठिपका शोधायला वळतं आणि मग उंदीर त्याला दिसतही नाही. दुसरी चूक म्हणजे ठिपका संपल्यावर एक खाऊ टाकायचा आणि झालं म्हणायचं. काही नसण्यापेक्षा ते बरं. पण त्यात पकड नाही, चावा नाही, लाथा नाहीत. पोटाला मिळालं, पंज्यांना आणि दातांना काहीच नाही.

उंदीर समोर तडफडत असतानाही मन्या मान वळवून मुलाच्या हाताकडे बघत राहिला, किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा कवडशामागे धावला, तर उत्तर मिळालं. लेझर कायमचा बाहेर. काही मांजरांना तो झेपत नाही, आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा परीक्षा घेण्याइतका तो खेळ मोलाचा नाही.

तो परत द्याल तेव्हा त्यावरचं लेबलही बघा. १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा, वर्ग २ असं लिहिलेला, लाल ठिपक्याचाच हवा. रस्त्यावर किचेनला लावून मिळणाऱ्यांवर बहुधा काही लिहिलेलं नसतं, आणि स्वस्तातल्या हिरव्या लेझरची शक्ती लेबलापेक्षा जास्त निघू शकते. ते घेऊच नका. डोळ्यांवर किंवा आरशावर, स्टीलच्या भांड्यावर कधीच रोखायचा नाही. मन्याच्याही आणि माणसांच्याही डोळ्यांसाठी.

आणि चार आठवडे नीट पाळूनही फरक पडला नाही, तर पशुवैद्याकडे न्या. त्याआधीच न्यावं अशा काही खुणा आहेत: पाठीवरची कातडी लाटेसारखी थरथरणं, एकदम दचकून पळणं, स्वतःच्याच शेपटीवर हल्ला करणं, किंवा टक लावून बसलेला असताना हाक मारली, हात लावला तरी भान न येणं. हे नुसतं खेळाचं वेड नसून त्वचेचं, नसांचं दुखणं किंवा झटके असू शकतात. दवाखान्याच्या टेबलावर मन्या यातलं काहीही करून दाखवणार नाही. म्हणून मुलाला आजपासूनच काम द्या. मन्या भिंतीपाशी बसला की लांबून, फ्लॅश न लावता, मिनिटभराचा व्हिडिओ घ्यायचा आणि वेळ लिहून ठेवायची. डॉक्टरांना त्याचा तुमच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोग होईल, आणि चार आठवड्यांनी फरक पडला की नाही यावरचा सासूबाईंचा आणि मुलाचा वादही त्यावरून मिटेल.